मिलानजवळच्या चर्चचं पत्रक मराठीत आणताना: सोलापूरच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२६, सोमवार

काम पक्कं झालं. कॉन्व्हेंटमधल्या तीन तरुण सिस्टर पुढच्या महिन्यात मिलान शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात सेवेला जाणार आहेत. त्यांच्या संस्थेचं मूळ घर तिकडेच आहे. तिघी इटालियन शिकतायत, दुकानात भाव विचारण्याइतकं येतं. पण चर्चच्या दारावर लावलेलं आठवड्याचं पत्रक वाचून उद्या कुठे, किती वाजता जायचं हे अजून कळत नाही. थोरल्या सिस्टरना हवी आहे हातात मावेल अशी पुस्तिका: डाव्या पानावर इटालियन, उजव्या पानावर मराठी. पहिल्या भागात चर्चच्या सूचना कशा वाचायच्या, दुसऱ्या भागात नेहमीच्या प्रार्थना. नमुन्यासाठी तिथल्या धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, काही जुनी पत्रकं मिळाली आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा यंदाचा कार्यक्रम महिनाअखेर येईल.

इतकी वर्षं मी इटालियनमधून मराठीत आणली ती टॉवेलच्या कारखान्यांतल्या रेपियर मागांची माहितीपुस्तकं. तिथे कसोटी सरळ होती. फिटरला वाचून समजलं आणि माग चालला, की भाषांतर बरोबर. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागणार. आमच्या शहरातल्या फादरना पहिल्याच भेटीत विचारलं, तर त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, सूचना तुम्ही हव्या तशा सोप्या करा. प्रार्थना मात्र तुमची नको. लोक जी म्हणतात तीच छापा."

म्हणण्याला कारण आहे. कॅथलिक उपासनेतला मजकूर कुणी एकट्याने भाषांतरित करून चालत नाही. त्या त्या भाषेतला मजकूर बिशपांची परिषद तयार करून घेते, मंजूर करते आणि रोमकडून त्याला मान्यता मिळते. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ह्या नियमात बिशप परिषदांचा वाटा वाढवला, तरी ‘ज्याने त्याने करावं’ असं काही झालेलं नाही. त्यामुळे दुसऱ्या भागात मी भाषांतर करणार नाही, जोड्या लावणार. इटालियन प्रार्थना कुठली ते ओळखायचं आणि तिच्यासमोर इथल्या प्रार्थनापुस्तकातली तीच प्रार्थना, काना-मात्रासुद्धा न बदलता, ठेवायची.

१५ जानेवारी, गुरुवार

सिद्धेश्वर यात्रेमुळे अर्धे रस्ते बंद. घरीच बसून सूचनांचा भाग सुरू केला.

पत्रक दोन पानी. वर रविवारचं नाव, खाली आठवड्याचं वेळापत्रक, मग बारीक अक्षरात सूचना. वाक्यं कमी आणि संक्षेप फार. जागा वाचवण्यासाठी जे लिहिलं जातं तेच नवख्याला आधी अडवतं. उदाहरणार्थ, ‘एस’ आणि पुढे टिंब म्हणजे सांता, सांतो, म्हणजे पवित्र किंवा संत. पण दोन एस जोडून आले की तीन अर्थ संभवतात. पुढे ‘मेस्से’ असेल तर तो नुसता अनेकवचनाचा खेळ: अनेक मिस्सा, मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. पुढे पेत्र आणि पौल अशी दोन नावं असतील तर ‘संतद्वय’. आणि पुढे ‘साक्रामेन्तो’ असेल तर ‘सांतीस्सिमो’, म्हणजे परमपवित्र. ‘एस एस साक्रामेन्तोची आराधना, गुरुवारी संध्याकाळी’ ही ओळ परमपवित्र संस्काराच्या आराधनेची आहे. तिथे संत शोधत बसायचं नाही. पुढचा शब्द पाहिल्याशिवाय दोन एस सोडवायचे नाहीत, एवढी एकच सूचना पुस्तिकेत ठेवली.

खरा खड्डा ‘फेरियाले’ ह्या शब्दात आहे. तिघींना ‘फेरिए’ म्हणजे सुट्ट्या हे शिकवलेलं आहे. त्यामुळे ‘ओरारियो फेरियाले’ वाचलं की त्यांना वाटणार, हे सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक. आहे नेमकं उलट: फेरियाले म्हणजे आठवड्यातले साधे, कामाचे दिवस. सणावाराचं आणि रविवारचं ते ‘फेस्तीवो’. चर्चच्या लॅटिनमध्ये ‘फेरिया’ हा शब्द वारांना लागला आणि तिथून हा अर्थ आला. चुकून उलट लावलं तर रविवारी सकाळी साडेआठला चर्चच्या दारात एकटं उभं राहायची वेळ येईल. पुस्तिकेत ‘फेरियाले: सोमवार ते शनिवार सकाळ’ आणि ‘फेस्तीवो: रविवार व सण’ असं वारांची नावं घालूनच लिहिलं. ‘नित्याचे दिवस’ वगैरे शोभेचे शब्द टाळले.

आणि शनिवार संध्याकाळ वेगळी. तिथे ‘प्रेफेस्तीवा’ लिहिलेलं असतं: सणाच्या आदल्या संध्याकाळची मिस्सा. दिवस शनिवारचा असला तरी ती रविवारचीच धरली जाते, वाचनंही रविवारची होतात. वृद्धाश्रमात रविवारी सकाळची पाळी लागली तर हीच मिस्सा त्यांच्या उपयोगाची, म्हणून ही ओळ ठळक केली.

१९ जानेवारी, सोमवार

आज मृतांची पानं. वेळापत्रकात जवळपास प्रत्येक मिस्सेपुढे नावं असतात: ‘देफ.’ आणि मग आडनाव, नाव. कुटुंबाने आपल्या मृत माणसासाठी ती मिस्सा अर्पण करवलेली असते. आधी आडनाव, मग नाव, म्हणजे आपल्या मतदार यादीसारखं.

मुद्रणालयातल्या मुलाने नमुन्याचं पान टाइप करताना सवयीने प्रत्येक नावाआधी ‘कै.’ घातलं. त्याचा काय दोष, निधनवार्तेचा साचाच तसा असतो. पण कैलासवासी म्हणजे शंकराच्या कैलासावर गेलेले. मिलानमधल्या चर्चच्या पत्रकात ते चालणार नाही. आमच्यात, म्हणजे मराठी प्रॉटेस्टंट घरांत, ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. मी तेच सुचवलं. फादर म्हणाले, शब्द चांगला आहे, पण इथे ‘दिवंगत’ लिहा. त्यांचं म्हणणं पटलं. मिस्सेपुढे ‘इन सुफ्राज्यो’ लिहिलेलं असतं, म्हणजे त्या आत्म्याला साहाय्य व्हावं म्हणून ही प्रार्थना. कॅथलिक समजुतीप्रमाणे तो आत्मा अजून शुद्धिस्थानात असू शकतो, म्हणून तर मिस्सा. स्वर्गवासी किंवा ख्रिस्तवासी म्हटलं की तो पोचला असं आपणच ठरवून टाकतो आणि मग मिस्सेचं प्रयोजन त्याच ओळीत खोडलं जातं. रूढ वापरात ‘दिवंगत’ असं काही ठरवत नाही.

तसंच ‘त्रिजेझिमो’. मृत्यूनंतर तिसाव्या दिवसाची मिस्सा. ‘मासिक श्राद्ध’ असं लिहिण्याचा मोह होतो, वाचकाला चटकन कळतंही. पण पिंड, तर्पण, कावळा हे सगळं त्या शब्दासोबत पानावर येऊन बसतं. ‘तिसाव्या दिवसाची मिस्सा’ एवढंच लिहिलं. वर्षाच्या मिस्सेला ‘स्मृतिदिनाची मिस्सा’.

एक ओळ मला नवी होती. रविवारच्या मोठ्या मिस्सेपुढे कुणाचंच नाव नसतं, लॅटिनमध्ये ‘प्रो पोपुलो’ असतं: लोकांसाठी. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने रविवारी आणि मुख्य सणांना एक मिस्सा आपल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायची, हा चर्चच्या कायद्यातला नियम आहे. त्या मिस्सेसाठी कुणाचा हेतू आणि कुणाचं दान घेतलं जात नाही. मराठीत ‘धर्मग्रामातील सर्व लोकांसाठी’.

२३ जानेवारी, शुक्रवार

प्रार्थनांचा भाग. पहिलीच प्रार्थना प्रभूची, ‘पाद्रे नोस्त्रो’, आणि पहिल्याच दिवशी वाद.

थोरल्या सिस्टर नव्वदच्या दशकात इटलीत राहून आल्या आहेत. मी डाव्या पानावर इटालियन मजकूर टाकला होता तो त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून पाठवला. शेवटाकडे माझ्याकडे ‘नॉन अब्बान्दोनार्ची आल्ला तेन्तात्सिओने’ होतं, त्यांनी ते काटून ‘नॉन ची इन्दूर्रे इन तेन्तात्सिओने’ केलं. पाठ आहे हो त्यांना, रोज म्हणायच्या. पण आता ती ओळ इटलीच्या चर्चमध्ये नाही. इटालियन बिशपांनी मिस्सेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली, ती ४ एप्रिल २०२१ च्या ईस्टरपासून सगळीकडे बंधनकारक झाली, आणि तिच्यात ही ओळ बदलली. जुन्या ओळीचा अर्थ ‘आम्हाला मोहात नेऊ नकोस’. नवीचा अर्थ ‘आम्हाला मोहाच्या हवाली सोडू नकोस’. देव माणसाला स्वतःच मोहात ढकलतो असा अर्थ निघू नये म्हणून हा बदल.

जुन्या आणि नव्या मजकुराची भेसळ इंटरनेटवर भरपूर आहे, म्हणून ओळखायची खूण सिस्टरना लिहून पाठवली. तीन जागा पाहायच्या. प्रभूच्या प्रार्थनेत ‘कोमे आन्के नोई’, म्हणजे ‘जसे आम्हीही’. ह्यातला ‘आन्के’ नसेल तर मजकूर जुना. त्यानंतर लगेच ‘अब्बान्दोनार्ची’. आणि मिस्सेच्या सुरुवातीच्या गौरवगीतात ‘आमाती दाल सिन्योरे’, प्रभूला प्रिय असलेली माणसं. तिथे ‘बुओना वोलोन्ता’ दिसलं तर ते जुनं पुस्तक. एकच जागा पाहून भागत नाही. कुणीतरी अर्धवट सुधारलेल्या प्रती बऱ्याच फिरतात आणि त्यांत नेमकी गाजलेली ‘अब्बान्दोनार्ची’ ओळ बदललेली असते, बाकी दोन तशाच.

सिस्टर मानल्या. पण लगेच धाकट्या सिस्टरपैकी एकीने विचारलं, "मग आपली मराठी ओळ पण बदलायची का? समोरासमोर ठेवली तर अर्थ जुळत नाही."

प्रश्न बिनतोड आहे. दोन्ही पानं समोरासमोर असणार, डावीकडे ‘हवाली सोडू नकोस’, उजवीकडे काही वेगळं. माझ्या घरी पवित्र शास्त्रातलं म्हणतात: ‘आणि आम्हाला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हाला वाइटापासून सोडव.’ कॅथलिक प्रार्थनापुस्तकातली ओळ ह्याहून थोडी वेगळी आहे. दोन्हींपैकी एकही नव्या इटालियनशी शब्दाला शब्द जुळत नाही. मागाच्या पुस्तकात मी क्षणात बदलली असती. इथे नाही. इटलीने आपली ओळ बदलली म्हणून सोलापूरची बदलत नाही; ती इथल्या बिशपांनी बदलली तर बदलेल. तिघी मराठीत प्रार्थना करतील ती लहानपणापासूनचीच, आणि मनात मराठी म्हणत तोंडाने इटालियन म्हणताना अडखळू नये म्हणून त्यांना उजवीकडे ओळखीचीच ओळ दिसली पाहिजे.

तडजोड अशी: प्रार्थना जशीच्या तशी. पानाच्या तळाला लहान अक्षरात एक टीप: इटालियन ओळीचा सरळ अर्थ काय आणि ती कधीपासून बदलली. टीप प्रार्थनेच्या चौकटीबाहेर, वेगळ्या अक्षरांत, म्हणजे मोठ्याने वाचताना कुणी ती चुकून म्हणणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार

कालचंच थोडं राहिलं होतं. प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट.

आमच्या चर्चमध्ये सगळे एका दमात शेवटपर्यंत जातात: ‘कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.’ कॅथलिक मिस्सेत तसं नाही. ‘वाइटापासून सोडव’पाशी लोक थांबतात, मग धर्मगुरू एकटे एक प्रार्थना म्हणतात, सगळ्या वाईटापासून आम्हाला मुक्त कर, आमच्या दिवसांत शांती दे, अशा आशयाची, आणि त्यानंतर लोक राज्य-सामर्थ्य-गौरवाची ओळ म्हणतात. इटालियनमध्येही असंच आहे. आणि मिस्सेबाहेर, जपमाळेच्या वेळी वगैरे, ती शेवटची ओळ येतच नाही. माझ्यासारख्या प्रॉटेस्टंट कानाला ही जागा सांभाळून मांडावी लागली: एका पानावर ‘मिस्सेत’, दुसऱ्यावर ‘एरवी’, आणि मधली प्रार्थना तिरप्या अक्षरांत, बाजूला ‘धर्मगुरू’ लिहून.

२९ जानेवारी, गुरुवार

उपवासकाळाचा कार्यक्रम आला. आणि त्यात राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू करायचा दिवस, नाही.

यंदा तो १८ फेब्रुवारीला येतो, ईस्टर ५ एप्रिलला. कार्यक्रमात १८ तारखेला फक्त नेहमीची सकाळची मिस्सा आणि संध्याकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग. इतकंच नाही, तर शनिवार २१ फेब्रुवारीला लहान मुलांची कार्निवलची मिरवणूक आहे, चर्चच्या ओरातोरियोच्या, म्हणजे मुलांच्या केंद्राच्या, अंगणातून निघणारी. उपवासकाळ सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी चर्चनेच कार्निवल काढायचा, हे कसं? आणि मग रविवारी २२ तारखेला सगळ्या मिस्सांनंतर ‘इम्पोज़ित्सिओने देल्ले चेनेरी’, राख लावणे. रविवारी राख!

मुद्रणालयातला मुलगा म्हणाला, तारखा चुकल्या असतील, आपण १८ करून टाकू. हात आवर म्हटलं. एक तारीख चुकली असती तर टंकनदोष मानला असता. तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत म्हणजे त्यांच्यामागे पद्धत आहे. मिलानचा धर्मप्रांत रोमन विधी पाळत नाही, आम्ब्रोसियन विधी पाळतो. चौथ्या शतकातले मिलानचे बिशप संत आम्ब्रोस यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि कॅथलिक चर्चच्या आतच, रोमच्या संमतीने चालतो. तिथे उपवासकाळ बुधवारी सुरू न होता त्यानंतरच्या रविवारी सुरू होतो. म्हणून मिलानचा कार्निवल शनिवारपर्यंत चालतो आणि राख रविवारी लागते.

इथेच सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर तिघी १८ तारखेला सकाळी कपाळावर राख घ्यायला जातील आणि चर्चमध्ये रोजचाच बुधवार असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

काल रात्री फादरना कार्यक्रम दाखवला. ते हसले. "मी सेमिनरीत वाचलं होतं, पाहिलं कधीच नाही." मग दोघांनी बसून एकेक शुक्रवार तपासला.

आम्ब्रोसियन उपवासकाळात शुक्रवारी मिस्सा होतच नाही. पाचही शुक्रवारी वेळापत्रकात मिस्सेच्या जागी ‘वीया क्रुचिस’, क्रूसाची वाट, आहे. रोज मिस्सेला जाणाऱ्या सिस्टरला हे आधी माहीत नसेल तर तिला वाटेल फादर आजारी पडले, किंवा पत्रक चुकलं. म्हणून सूचना नुसती ‘सकाळी ८.३० वा. क्रूसाची वाट’ अशी न ठेवता मराठीत पुढे एक वाक्य जोडलं: ‘उपवासकाळातील शुक्रवारी ह्या धर्मप्रांतात मिस्सा नसते.’ मूळ पत्रकात हे वाक्य नाही. तिथल्या माणसाला सांगायची गरजच नाही. सूचनेत असं जोडणं मला मान्य आहे. प्रार्थनेत नाही.

त्यामुळे एक नवाच पेच पडला. आम्ब्रोसियन मिस्सेच्या पुस्तकात काही प्रार्थना फक्त त्याच विधीच्या आहेत. रोमन विधीच्या मराठी पुस्तकात त्यांना जोडी नाही, असणारही नाही. मग उजवं पान कोरं ठेवायचं? फादरांशी बोलून ठरलं: तिथे मी अर्थ लिहायचा, पण गद्यात, ‘ह्या प्रार्थनेत देवाकडे अमुक मागितलं आहे’ अशा सांगण्याच्या भाषेत. ‘हे प्रभू’ने सुरू होणारं, म्हणायला सोपं, लयीत बसणारं असं काही लिहायचं नाही. छान जमलं तर लोक ते म्हणायला लागतात, आणि मग ती कुणीही मंजूर न केलेली प्रार्थना होऊन बसते.

मिस्सेच्या क्रमातही फरक आहेत. शांतीची खूण तिथे साधारणपणे अर्पणाच्या आधी देतात, प्रभूच्या प्रार्थनेनंतर नाही. श्रद्धावचनही आपल्या सवयीच्या जागी नाही, अर्पणाच्या तयारीनंतर येतं. क्रमाचं पान मी रोमन धरून आखलं होतं, ते आता तिथल्या क्रमाने लावून दिलं. प्रार्थना त्याच, पानांचा क्रम नवा.

२ फेब्रुवारी, सोमवार

एका सूचनेवर अख्खी सकाळ गेली. मूळ ओळ छोटी: ‘शुक्रवार २७ फेब्रुवारी, दिज्यूनो ए आस्तिनेन्त्सा दाल्ले कार्नी.’ उपवास आणि मांसवर्ज्य. (तारीखही आम्ब्रोसियन: रोमन विधीत उपवासाचा पहिला दिवस राखेचा बुधवार असतो, इथे उपवासकाळाचा पहिला शुक्रवार. दुसरा दिवस दोन्हीकडे शुभ शुक्रवारच, यंदा ३ एप्रिल.)

‘उपवास’ लिहिलं की सोलापुरात काय समजतील? साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. धान्य सोडायचं आणि उपवासाचं पोटभर खायचं. दिज्यूनो ह्याच्या जवळपासही नाही. त्यात धान्य वर्ज्य नाही. प्रमाण वर्ज्य आहे. दिवसातून एकदाच पुरतं जेवण, सकाळी आणि संध्याकाळी थोडंसं खाल्लं तर चालतं. आणि आस्तिनेन्त्सा म्हणजे मांस नाही, पण मासे, अंडी, दूध चालतं. आपल्याकडच्या माणसाला हे आणखीच चक्रावणारं: उपवासाच्या दिवशी मासळी!

दुसरा शब्द शोधून पाहिला. ‘लंघन’ औषधी वाटतं, ‘अल्पाहार’ लग्नाच्या पत्रिकेतला. शेवटी ‘उपवास’च ठेवला, कारण इथल्या चर्चमध्येही हाच शब्द आहे आणि तिघींना त्याचा चर्चमधला अर्थ माहीत आहे. ही पुस्तिका त्यांच्या घरचेही चाळतील म्हणून खाली चौकट दिली:

‘उपवास: दिवसातून एकदाच पूर्ण जेवण. सकाळी व संध्याकाळी थोडे खाण्यास हरकत नाही. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत. मांसवर्ज्य: मांस नको, मासे, अंडी, दूध चालते. १४ वर्षांपासून पुढे. आजारी व्यक्तींना सूट.’

वयाच्या ओळीवर थोरल्या सिस्टरनी विचारलं, साठ पूर्ण की साठावं लागलं? चर्चच्या कायद्यात साठावं वर्ष लागेपर्यंत असं आहे, म्हणजे एकोणसाठावा वाढदिवस झाला की उपवासाचं बंधन सुटतं. वृद्धाश्रमातल्या आजीआजोबांना वाढताना हे माहीत असलेलं बरं. कुणी आजोबा हट्टाने उपाशी राहिले तर सिस्टरना सांगता येईल की त्यांच्यावर बंधन नाही. ऐकतील की नाही ते वेगळं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आदराचा प्रश्न. धाकट्या सिस्टरपैकी सगळ्यांत धाकटीने प्रार्थनांची प्रत वाचून सुचवलं की देवाला ‘तू’ बरं दिसत नाही, ‘आपण’ करू या. मिस्सेत फादरना आपण ‘तुम्ही’ म्हणतो आणि देवाला ‘तू’? मी म्हटलं, पंढरपूर इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे, तिथे विठ्ठलाला कुणी ‘आपण’ म्हणताना ऐकलंयस? ती हसली. शिवाय मंजूर मजकुरात ‘तू’ आहे, इटालियनमध्येही देवाला ‘तू’च आहे. तिथे हात लावायचा प्रश्नच नव्हता.

सूचनांत मात्र उलट पेच. इटालियन सूचना बिनचेहऱ्याची असते: ‘आमंत्रण केले जाते’, ‘विनंती केली जाते’, किंवा नुसतं नाम आणि वेळ. शब्दशः ठेवलं तर मराठीत ते पाणीपुरवठ्याच्या नोटिशीसारखं लागतं. आपल्याकडे चर्चच्या सूचनेला एक ठरलेली ठेवण आहे: ‘सर्व भाविकांनी उपस्थित राहावे ही नम्र विनंती.’ आमंत्रणाच्या ओळी त्या ठेवणीत बसवल्या, वेळेच्या ओळी कोरड्याच ठेवल्या. प्रत्येक ओळीला ‘नम्र विनंती’ लावली असती तर वेळ शोधायला भिंग लागलं असतं.

धर्मगुरूंच्या नावाआधी पत्रकात ‘दोन’ येतं. हा आकडा नव्हे. इटलीत धर्मप्रांताच्या धर्मगुरूला ‘दोन’ आणि संन्यासी संघातल्या धर्मगुरूला ‘पाद्रे’ म्हणतात. मराठीत दोघांनाही ‘फादर’, पुढे क्रियापद आदरार्थी: ‘फादर कबुलीसाठी उपलब्ध असतील.’ देवनागरीत ‘दोन’ लिहून ठेवलं असतं तर वाचणाऱ्याने दोन कोण हेच शोधलं असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मुद्रितं तपासली. उपवासकाळाच्या कार्यक्रमाच्या डोक्यावर एक ठळक वाक्य होतं, त्याचं कच्च्या प्रतीत मी ‘बदला आणि शुभवार्तेवर श्रद्धा ठेवा’ केलेलं ठेवलं होतं, जागा धरायला. सूचनेत आलेलं असलं तरी हे वाक्य मोकळं नाही: मार्कच्या पहिल्या अध्यायातलं पंधरावं वचन आहे, आणि राख लावताना म्हणायच्या दोन वचनांपैकी एक. म्हणून आता तिथे वाचकाला ओळखू येणारं: ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ सूचनांच्या भागातही असे ठरलेले तुकडे मध्येच बसलेले असतात. शीर्षकं, घोषवाक्यं आणि अवतरणचिन्हांतलं काहीही आधी शास्त्रात आणि प्रार्थनापुस्तकात शोधायचं, मगच हाताने करायचं. अशी आणखी काही सापडली, बहुतेक स्तोत्रांतली. स्तोत्रांत एक काळजी घ्यावी लागते. कॅथलिक उपासनेच्या पुस्तकात स्तोत्रांचा क्रमांक कधीकधी पवित्र शास्त्रापेक्षा एकाने मागे असतो, म्हणून पत्रकात ५० लिहिलेलं स्तोत्र आपल्याला ५१ मध्ये मिळतं. ओळ जुळवायची, क्रमांक नाही.

फादरनी शेवटच्या पानावर सही केली नाही, मीही मागितली नाही. ही उपासनेची पुस्तिका नाही, वाचायला मदत करणारी आहे, आणि मुखपृष्ठावर तसंच छापतोय: ‘खासगी वापरासाठी. उपासनेतील मजकूर मंजूर प्रार्थनापुस्तकातून.’

११ फेब्रुवारी, बुधवार

छपाईला दिली. डाव्या-उजव्या पानांची जोडी सुटू नये म्हणून प्रत्येक प्रार्थना नव्या डाव्या पानापासून, मग काही पानं अर्धी रिकामी राहिली तरी चालेल असं मुलाला बजावलं. कागद वाचवायला त्याने ‘नमो मरिये’ मागच्या पानाच्या उरलेल्या जागेत सरकवलं होतं, ते परत काढायला लावलं.

बाकी: एप्रिलचा पवित्र सप्ताह अजून आलेला नाही. तिथले दोन्ही कार्यक्रम, मिलानचा आणि वृद्धाश्रमाच्या आतल्या छोट्या चॅपलचा, वेगवेगळे असणार. चॅपलमध्ये रोमन विधी आहे का आम्ब्रोसियन हे थोरल्या सिस्टर फोन करून विचारणार आहेत. चॅपल संन्यासिनींचं असल्यामुळे दोन्ही शक्य आहे. रोमन निघालं तर त्या घरात १८ फेब्रुवारीला राख लागेल आणि रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये २२ ला, आणि पान सात पुन्हा करावं लागेल. मुलाला सांगितलंय, पान सात उद्या दुपारपर्यंत छापू नकोस.